मदत हवी आहे : कंपनी निर्देशांकात आहे की नाही, हे कसे तपासावे आणि त्यातून काय समजावे?

नमस्कार. एखादी कंपनी अमेरिकेतील सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकात ठरावीक तारखेला होती का, हे तपासताना मला अडचण येत आहे. त्या निर्देशांकावर आधारलेल्या फंडांच्या संकेतस्थळांवरील यादी आजची असते, त्यामुळे मधल्या काळात वगळलेल्या कंपन्या तिच्यात दिसत नाहीत. शिवाय घोषणा आणि प्रत्यक्ष समावेश यांच्या तारखाही वेगळ्या असतात. टेस्लाच्या समावेशाची घोषणा १६ नोव्हेंबर २०२० रोजी झाली, पण प्रत्यक्ष समावेश २१ डिसेंबरला झाला. जुन्या तारखेची यादी निर्देशांकातील बदलांच्या घोषणांवरून मागे मागे जात जुळवणे, हाच खात्रीचा मार्ग आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सलग चार तिमाहींचा नफा दाखवूनही टेस्लाला सप्टेंबर २०२० च्या फेरबदलात स्थान मिळाले नाही, कारण निकष पूर्ण झाल्यावरही अंतिम निवड निर्देशांकाची समितीच करते. उलट हिशेबांत घोटाळे करणारी एन्रॉन ही कंपनी २००१ मध्ये कोसळेपर्यंत याच निर्देशांकात होती. म्हणजे समावेशावरून कंपनीचा आकार आणि समभागांची उलाढाल कळते, हिशेबांची सचोटी नव्हे, असे मी समजतो. हे बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.