मदत हवी आहे: स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणासाठी मुख्याध्यापकांना अर्ज

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनावर वीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. मला रंगमंचापेक्षा आधीचे पंधरा दिवस हवेत: मधल्या सुट्टीतली लेझीमची तालीम, पडद्यामागे नऊवारीला पिना लावणाऱ्या बाई.

पहिला अर्ज मुख्याध्यापिका बाईंनी परत केला. "चित्रीकरणास परवानगी मिळावी" एवढंच लिहिलं होतं. मुलं दिसणार, मग पालकांचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. आता असं लिहिलंय:

"तालमीचे तीन दिवस व मुख्य कार्यक्रम, दोन माणसे, एक कॅमेरा. पालकांची लेखी संमती असलेल्या मुलांचेच चित्रीकरण होईल. कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा जाणार नाही. प्रदर्शनापूर्वी माहितीपट शाळेस दाखवून आक्षेपार्ह भाग वगळला जाईल."

अडचण समूहनृत्याची आहे. चाळीसपैकी दोन पालकांनी नकार दिला, तर त्या मुलांना नाचातून काढणं मला पटत नाही. चेहरे धूसर करू असं लिहावं, की फक्त लांबून घेऊ असं? शिवाय नाच सिनेमातल्या गाण्यांवर आहेत. माहितीपटात ती वापरायला वेगळी परवानगी लागते, तिची जबाबदारी माझी, हे अर्जातच लिहावं का? कुणी शाळेत चित्रीकरण केलं असेल तर कृपया सांगा. सोमवारी अर्ज द्यायचा आहे.