मदत हवी आहे: आईला (वय ६७) घरच्या घरी तोल आणि ताकदीचे व्यायाम कसे सुरू करून द्यावेत?

हिरवी_फांदी: आम्ही नौपाड्यात राहतो. आईला बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. अजून पडलेली नाही, पण सोफ्यावरून उठताना टीपॉयला धरून स्वतःला ओढून घेते. बाथरूमच्या उंबरठ्याशी अडखळतेही. दिवसभर ती घरात एकटीच असते, म्हणून चुकीचं काही करायला सांगायची भीती वाटते. सुरुवात कशाने करावी?

तलावपाळीकर: ताई, रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारायला लावा. चालण्यासारखा व्यायाम नाही. सोबत वृक्षासन, एका पायावर मिनिटभर. तोल आपोआप येतो.

सांधे_आणि_स्नायू: मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन ज्येष्ठांना व्यायाम देते. काका, चालणं दमासाठी उत्तम, ते सुरू राहू द्या. पण खुर्चीतून उठायला मांडीत जी ताकद लागते ती नुसत्या चालण्याने फारशी येत नाही. आणि टीपॉय धरून उठणाऱ्या बाईला आधाराशिवाय एका पायावर उभं करणं धोक्याचं आहे.

हिरवी_फांदी, खुर्चीपासून सुरू करा. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून. प्लास्टिकची नको, ती लादीवर सरकते. बैठकीवर सतरंजीची जाड घडी ठेवा. उशी दबते, म्हणून घडीच. बैठक उंच झाली की गुडघ्यावर भार कमी येतो. आईंनी पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं. सुरुवातीला हात मांडीवर चालतील. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश बसायचं. धपकन बसल्या तर ताकद संपली समजा आणि तिथेच थांबा.

पाच ते आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेवढंच. एक दिवसाआड पुरे. शेवटच्या दोन वेळा जोर लागला पाहिजे, पण चेहरा आवळून नाही. सलग दहा सहज जमायला लागले की सतरंजीची एक घडी कमी करा.

निवृत्त_मास्तर: माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. हे आताच सुरू करू का?

सांधे_आणि_स्नायू: सर, ते तुमच्या सर्जनना विचारून ठरवा. तुमचा गुडघा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

हिरवी_फांदी: गुडघा दुखला तर थांबवायचं का? आणि तोलासाठी काय?

सांधे_आणि_स्नायू: करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर चालेल. सूज आली किंवा जिना उतरताना जास्त दुखायला लागलं तर घडी वाढवा, संख्या कमी करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बसायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

तोलासाठी स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभं राहायचं, मागे खुर्ची. दोन्ही हात ओट्यावर. एक पाऊल दुसऱ्याच्या थोडं पुढे ठेवून दहा सेकंद, मग पाय बदलून. ते स्थिर झालं की एकच हात, नंतर नुसती बोटं. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. थोडं डगमगायला झालं पाहिजे, कारण त्याशिवाय तोल सुधारत नाही. पण ओट्यावरचा हात उचलायची घाई नको. लादी कोरडी हवी आणि पायात मोजे नकोत. पहिले काही दिवस तुम्ही घरात असतानाच करू द्या.

मधलीआळी: माझ्या सासऱ्यांना अंथरुणात कूस बदलली की गरगरायचं. आम्ही अशक्तपणा समजून व्यायाम करवत बसलो, निघाला कानाचा त्रास. ईएनटीकडे डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून घेतल्यावर थांबलं. आईंना असं काही आहे का?

हिरवी_फांदी: कूस बदलताना नाही. पण सकाळी पलंगावरून उठताना कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते.

सांधे_आणि_स्नायू: हे महत्त्वाचं आहे. पाच मिनिटं आडवं पडल्यावर बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. मोजताना शेजारी उभ्या राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

तलावपाळीकर: हे माहीत नव्हतं. माझ्या मिसेसचंही मोजतो. पण फेऱ्या सोडू नका हं.

हिरवी_फांदी: आज सकाळी मोजलं. आडवं असताना १३८/८०, उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला १२२/७६, तिसऱ्याला १३०/७८. म्हणजे २० नाही, पण अंधारी आली म्हणाली. शनिवारी डॉक्टरांकडे नेते. खुर्चीवर मात्र हात मांडीवर ठेवून सहा वेळा उठली, सातव्याला धपकन बसली, तिथे थांबवलं. शनिवारपर्यंत ओट्याचे व्यायाम चालू ठेवू का?

सांधे_आणि_स्नायू: सकाळी उठल्या उठल्या नको. चहा-नाश्ता झाल्यावर, तुम्ही शेजारी असताना, दोन्ही हात ओट्यावर ठेवून. डॉक्टर काय म्हणतात ते इथे कळवा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलली तर पुढचं त्यावरून ठरवू.