फुकटच्या ॲपवर पोस्टर करतो, पण फॉन्ट, रंग, लोगो दर वेळी वेगळेच! सल्ला हवा (कोल्हापूर)

चटणीघर_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. आमचा घरगुती कांदा-लसूण चटणीचा छोटा धंदा आहे. स्टेटस, इन्स्टाच्या पोस्ट आणि अधूनमधून एखादं पोस्टर मी, माझी जाऊ आणि भाचा असे तिघं आपापल्या फोनवर कॅनव्हाच्या फुकट खात्यात करतो. तिघांच्या पोस्ट शेजारी ठेवल्या तर तीन वेगळ्या दुकानांच्या वाटतात. लाल रंग प्रत्येकाचा निराळा, लोगोमागे पांढरा चौकोन, आणि टेम्प्लेटमधला सुंदर फॉन्ट मराठी टाइप केलं की कुठे जातो कळत नाही. शिवाय आता उन्हाळ्यात ६ बाय ३ फुटांचा एक फ्लेक्स लावायचाय. डिझाइनवर खर्च शून्य. फ्लेक्सच्या छपाईचे पैसे देऊच. काय करावं?

शाहूपुरीकर
पैसे भरा आणि मोकळे व्हा. मी प्रो घेतलंय. ब्रँड किटमध्ये लोगो, फॉन्ट, रंग टाकून ठेवले, आता डोकं लावावं लागत नाही. एका क्लिकमध्ये पोस्टचा आकार बदलतो, फोटोची मागची बाजू उडते. धंदा करायचा तर एवढा खर्च हवाच ओ.

चटणीघर_राजारामपुरी
दादा, बजेट शून्य लिहिलंय. 🙏

शाहूपुरीकर
शून्यात शून्यच मिळतं. माझं सांगून झालं.

फ्लेक्सवाला_लक्ष्मीपुरी
ताई, त्या कॅनव्हाच्या नादाला लागू नका. माझ्याकडं रोज असली फाइल येते. कोरलमध्ये उघडली की जोडाक्षरं फुटत्यात, वेलांट्या भलतीकडं जात्यात, मग आम्हीच बसून सगळं परत टाइप करायचं. छपाईला युनिकोड फॉन्ट चालतच न्हाई. श्रीलिपी घ्या, कोरल घ्या, नायतर सरळ दुकानात या, समोर बसून करून देतो.

जोडाक्षर
फ्लेक्सवाले भाऊ, फाइल फुटते हे खरं, पण दोष युनिकोडचा नाही. जुन्या कोरलला देवनागरीची अक्षरं नीट जुळवता येत नाहीत, म्हणून ती सुटी होतात. अक्षरं अक्षर म्हणून पाठवलीच नाहीत, चित्र किंवा आउटलाइन करून पाठवली, तर फुटायला काही उरत नाही. फ्लेक्सचं शेवटी सांगतो.

ताई, आधी फॉन्टचं बघू, कारण मूळ दुखणं तिथे आहे. टेम्प्लेट बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेले असतात आणि त्यांच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच. तुम्ही मराठी टाइप केलं की ॲप गुपचूप दुसराच फॉन्ट आणून काम भागवतं. वर नाव मात्र जुन्याच फॉन्टचं दिसत राहतं. ओळखायचं कसं? एकाच ओळीत "चटणी 500 gm" असं लिहा आणि फॉन्ट बदलून बघा. नुसतं "500 gm" बदललं आणि "चटणी" तशीच राहिली, तर तो फॉन्ट मराठीचा नाही. तिघांनी तीन टेम्प्लेट घेतले, म्हणून तीन तऱ्हा झाल्या.

उपाय म्हणजे शोधपट्टीत नाव टाइप करून मराठी असलेलाच फॉन्ट घ्यायचा. माझा हात `Mukta`वर बसलाय. त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत, त्यामुळे मथळा जाड, मजकूर साधा, असं एकाच फॉन्टमध्ये भागतं. मथळ्याला थोडी मजा हवी असेल तर `Baloo`. दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे गुगल फॉन्ट्सवरून उतरवून कॉम्प्युटरवर, धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरता येतात. फॉन्ट पक्का करायच्या आधी "दुसऱ्या", "ल्ह", "र्ध्य" लिहून बघा. तिथे अडखळला तर सोडून द्या.

कागलची_लेक
मीपण हेच सांगणार होते, मराठी असलेलाच फॉन्ट घ्या. मी `Poppins` वापरते, त्यात मराठी आहे. आणि मोबाइल नंबर मराठी अंकांत लिहू नका, लोकांना डायल करायला जड जातं.

पेठेतला_पैलवान
का जड जातं? आमच्या तालमीच्या बोर्डावर मराठी अंकच आहेत. कुणाचा फोन अडला नाही आजवर.

कागलची_लेक
तालमीला फोन करतं कोण?

पेठेतला_पैलवान
या एकदा आखाड्यात, सांगतो.

निवृत्त_तपासनीस
पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, घटक आणि शाकाहाराची हिरवी खूण आहे का? फॉन्टची काळजी नंतर करा. अक्षरांच्या किमान उंचीचेही नियम असतात.

चटणीघर_राजारामपुरी
काका, पाकीट व्यवस्थित छापून घेतलंय, सगळं आहे त्यावर. प्रश्न पोस्टरचा आहे. जोडाक्षर, तुमची ती चाचणी करून बघितली. "चटणी" हललीच नाही! लालचं काय करू? आम्ही प्रत्येक वेळी जुन्या पोस्टवरून रंग उचलतो.

जोडाक्षर
उचलता म्हणूनच बदलतो. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो जेपीजी होऊन दाबला जातो. लाल भागाच्या कडेला मातकट ठिपके येतात आणि सपाट दिसणाऱ्या लालमध्येही बारीक फरक पडतात. ठिपका कुठे टेकतो त्याप्रमाणे कोड निराळा मिळतो. त्यावरून केलेली पोस्ट पुन्हा फिरते, पुन्हा कुणीतरी उचलतो, असं करत रंग घसरत जातो. रंग उचलू नका, कोड टाइप करा. उदाहरणार्थ:

```
लाल    #B3261E
हळदी   #F2B705
साय    #FFF6E5
```

साय रंगाच्या जमिनीवर लाल अक्षरं किंवा लालवर साय, दोन्ही छान वाचता येतात. हळदी रंग पट्टीला नाहीतर किमतीच्या गोलाला ठेवा. साय रंगावर हळदी अक्षरं मात्र लिहू नका, उन्हात दिसत नाहीत.

आता मुख्य काम. फुकट खात्यात ब्रँड किट पुरेसं मिळत नाही, म्हणून ते आपणच बनवायचं. एकच डिझाइन उघडा, नाव द्या "मूळ – हात लावू नये". पहिल्या पानावर तीन रंगांचे तीन चौकोन, शेजारी त्यांचे कोड, खाली मथळा, मजकूर आणि किंमत यांचे नमुने, प्रत्येकाचा फॉन्ट आणि आकार ठरवलेला. दुसऱ्या पानावर लोगो जागेवर बसवलेली रिकामी पोस्ट. लोगो लॉक करा म्हणजे बोट लागून सरकणार नाही. नवीन पोस्ट करताना कधीही कोऱ्या पानापासून किंवा टेम्प्लेटपासून सुरुवात करायची नाही. याच डिझाइनची कॉपी काढायची. कॉपीमध्ये वापरलेले रंग निवडपट्टीत वरच `Document colors` म्हणून दिसतात, त्यामुळे जाऊबाईंना कोडसुद्धा टाइप करावा लागणार नाही. स्टेटससाठी मात्र 1080 बाय 1920 चं वेगळं मूळ ठेवा, कारण तयार डिझाइनचा आकार बदलणं फुकटात मिळत नाही.

शाहूपुरीकर
म्हणजे मी जे एका क्लिकमध्ये करतो ते तुम्ही अर्धा दिवस घालवून करणार. 😄

जोडाक्षर
एकदाच घालवायचाय.

चटणीघर_राजारामपुरी
आणि लोगोचा पांढरा चौकोन? आमच्याकडे लोगो म्हणून फक्त व्हॉट्सॲपचा डीपी शिल्लक आहे. ज्या मुलाने करून दिला होता तो आता पुण्याला असतो.

कागलची_लेक
ऑनलाइन बॅकग्राउंड काढणाऱ्या साइट आहेत, फुकट. मी तिथूनच काढते.

जोडाक्षर
डीपीवर ते करून कडा खडबडीत येतील, आणि फ्लेक्सवर तर करवत दिसेल. आधी त्या मुलाला फोन करून मूळ फाइल मागा: एसव्हीजी, सीडीआर, एआय, काहीही. ती मिळाली तर पुढचं सगळं वाचलंच.

नाही मिळाली तर भाच्याला कॉम्प्युटरवर इंकस्केप उतरवायला सांगा, ते पूर्ण फुकट आहे. डीपी आत आणायचा, `Path` मध्ये `Trace Bitmap` करायचं. आकृती साधी असेल तर बरी निघते. अक्षरं मात्र ट्रेस करू नका, ती `Mukta`मध्ये नव्याने टाइप करून `Object to Path` करा, म्हणजे ती अक्षरं न राहता आकार होतात आणि कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात. मग लाल, पांढरा आणि काळा अशा तीन प्रती, प्रत्येकीची एसव्हीजी आणि पारदर्शक पीएनजी. कॅनव्हातून पारदर्शक पीएनजी बाहेर काढायला पैसे पडतात, पण बाहेर बनवलेली आत घालायला पडत नाहीत. या फाइली ड्राइव्हवर ठेवा. एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवायच्या झाल्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही.

फ्लेक्सवाला_लक्ष्मीपुरी
आता माझं ऐका. आउटलाइन केलेलं आलं तर मला बी बरं, टायपिंग वाचलं. पण स्क्रीनवरचा लाल आणि फ्लेक्सवरचा लाल कधीच एक निघत न्हाई. गिऱ्हाईक मोबाइल पुढं धरून भांडतंय. तो कोड-बिड मला नको, मला सरळ C0 M100 Y100 K20 असं सांगा. आणि सगळा फ्लेक्स मारायच्या आधी फूटभर तुकडा मारून घ्या. कुठलाही प्रिंटर असूदे.

जोडाक्षर
इथे भाऊंचं शंभर टक्के बरोबर. फुकट खात्यातून फाइल स्क्रीनच्या रंगांतच निघते, छपाईच्या रंगांत निघत नाही. तुकड्यावर जो लाल पसंत पडेल त्याचे चार आकडे मूळ फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकाराचं सांगतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, म्हणून इंचाला ७२ ठिपके चालतात. ६ फूट म्हणजे ७२ इंच, ३ फूट म्हणजे ३६. डिझाइन उघडतानाच 5184 बाय 2592 पिक्सेल टाका. लहान करून नंतर वाढवू म्हणाल तर तेही प्रोमध्येच आहे. बाहेर काढताना पीडीएफ प्रिंट घ्या आणि `Flatten PDF` वर खूण करा, म्हणजे सगळं मिळून एक चित्र होतं. सोबत पीएनजीही द्या.

उद्यमनगर_लेथ
एवढं ऐकण्यापेक्षा सगळंच इंकस्केपमध्ये करा. नाहीतर पेनपॉट बघा, खुलं सॉफ्टवेअर आहे, रंग आणि लोगो एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. मी आमच्या वर्कशॉपचा कॅटलॉग त्यात केलाय. टाकू का इथे?

पेठेतला_पैलवान
टाका.

उद्यमनगर_लेथ
४६ पानी आहे, सवडीने टाकतो.

चटणीघर_राजारामपुरी
सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते. कॅनव्हाच ठेवतोय, फुकटातलंच, कारण जाऊबाई फोन सोडून कशालाही हात लावणार नाहीत. मूळ फाइल बनवली, रंग तेच तीन घेतले. पुण्याच्या मुलाने सीडीआर पाठवली, भाचा ती फ्लेक्सवाल्या भाऊंच्या दुकानातून एसव्हीजी करून आणणार आहे. फॉन्टचं मात्र `Mukta` नाही आणि `Baloo`ही नाही. सासूबाईंना `Yatra One` आवडला, जुन्या रंगवलेल्या पाट्यांसारखा दिसतो म्हणाल्या. नाव, मजकूर, किंमत, सगळं त्यातच.

जोडाक्षर
ताई, त्याला एकच वजन आहे. तो मथळ्याचा फॉन्ट आहे, बारीक मजकूर त्यात गिचमिड होईल. निदान पत्ता आणि घटक तरी `Mukta`त घ्या.

चटणीघर_राजारामपुरी
सांगून बघितलं. "मग मजकूर कमी लिहा" म्हणाल्या.

निवृत्त_तपासनीस
हिरवी खूण पोस्टरवर पण टाका.

फ्लेक्सवाला_लक्ष्मीपुरी
भाच्याला दुपारी चारनंतर पाठवा, सकाळी वाढदिवसाचे फ्लेक्स असत्यात. आणि पेन ड्राइव्ह आणायला सांगा, मेलवरनं येत न्हाई माझ्याकडं.