क्रेडिट कार्डावर जास्तीचे पैसे पडलेत: खात्यात मागवायचे की कार्डावरच ठेवायचे?

गोंधळलेली: बिल 9,600 चं आलं. तीन दिवसांनी परत केलेल्या वस्तूचे 7,200 कार्डावर जमा झाले, तरी ऑटोपेने खात्यातून पूर्ण 9,600 ओढलेच. मधे 1,900 चा नवा खर्च झालाय. आता अ‍ॅपमध्ये 5,300 CR, म्हणजे जादा जमा, दिसतंय. परत घेऊ की राहू देऊ?

आळशी_माणूस: राहू द्या. पुढच्या खर्चात आपोआप वळते होतील. फोन धरून अर्धा तास संगीत कोण ऐकणार?

बिलवाला: महिन्याला तेवढा खर्च होत असेल तर आळशीरावांचं खरं. नसेल तर मागवा, कारण कार्डावर पडलेल्या पैशावर सहसा व्याज मिळत नाही.

ऑटोपेची चूक नाही. बिल निघालं त्या दिवशीचा आकडा तो धरून बसतो, आणि नंतर आलेला परतावा बरेचदा त्यात धरला जात नाही. म्हणून 'परतावा आला, आता बिल भरायला नको' असं समजून ऑटोपे बंद करू नका, उशिराचा दंड बसू शकतो.

मागवण्याआधी बघा, 7,200 पक्के जमा झालेत की अजून 'प्रलंबित' दिसतायत. मग अ‍ॅपमधल्या सेवा विनंतीतून किंवा फोनवर सांगा, 'जादा जमा रक्कम खात्यात पाठवा'. खातं तुमच्याच नावाचं द्या आणि विनंती क्रमांक लिहून ठेवा. एखाद्या हॉटेलने वगैरे रक्कम अडवून ठेवली असेल, तर तेवढी सोडून बाकीचीच मिळेल.

सरळमार्गी: एवढं कशाला? एटीएममधून काढा की! आपलेच पैसे.

बिलवाला: आपलेच, पण बऱ्याच कार्डांवर शिल्लक जमेत असली तरी रोख काढायचं शुल्क लागतंच. आधी शुल्कांचा तक्ता वाचा.

हप्तेकरी: माझं वेगळंच झालं. हप्त्यावर घेतलेली वस्तू परत केली, पूर्ण रक्कम कार्डावर आली, मी खुशीत खात्यात मागवून घेतली. पुढच्या बिलात हप्ता हजर! फसवलं ना मला?

बिलवाला: फसवलं नाही. वस्तू परत गेली तरी हप्त्याचं खातं बरेचदा चालूच राहतं, ते बंद करायला वेगळं सांगावं लागतं. तसंच, वादातल्या व्यवहाराचे तात्पुरते जमा झालेले पैसे असतील तर त्यांना हात लावू नका. निकाल विरुद्ध गेला की ते परत वजा होतात.

हप्तेकरी: हे विक्रेत्याने सांगायला नको होतं का?

गोंधळलेली: बघितलं. 7,200 पक्के आहेत, पण एका बुकिंगचे 800 अडकलेत. म्हणजे 4,500 मागते.

आळशी_माणूस: बुकिंगचं काय ते ठरेपर्यंत थांबलात तर एकाच फोनमध्ये काम होईल. मी तर थांबलो असतो.