मदत हवी आहे: तीन कोटेशनच्या नियमातून एकदाच सूट, मेमोला दराचा पुरावा काय जोडू?

मंडळी, मी वेर्ण्याला एका कंपनीत परचेसला आहे. आमच्याकडे 1 लाखावरच्या खरेदीला तीन कोटेशनं लागतात. कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर गेलाय, सध्या स्टँडबायवर चाललंय, आणि आमच्या पॅनलला बसणारं मॉडेल मूळ मेकरचा गोव्यातला एकच डीलर देतो, बाकीचे दोघे अख्खं युनिटच बदला म्हणतात, मग तुलना कशी होणार.

मेमोत सूट एकाच पीओपुरती मागितलीय, 30 दिवसांनी आपोआप रद्द, अॅडव्हान्स नाही, पेमेंट कमिशनिंग रिपोर्टनंतरच. मंजुरी प्लांट हेडची नाही तर फायनान्सची, कारण नियम त्यांचा. 'अर्जंट' हे कारण मुद्दाम टाळलं, ऑडिटवाले लगेच विचारतात आधी का नाही मागवला.

एकच डीलर असल्याचं मेकरचं पत्र आहे, पण त्याने दर योग्य आहे हे कुठे ठरतं? आमची मागची खरेदी 2017ची, तो दर आता धरता येत नाही. मग डीलरने दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेलं ताजं बिल नाव झाकून जोडू, की मेकरची प्राइस लिस्ट आणि मिळालेलं डिस्काउंट दाखवू, ऑडिटला यातलं काय पटतं?