ही कोणती धून? (बी विंग ग्रुप)

मृणाल ६०३: माळा आवरताना माझा शाळेतला रेकॉर्डर सापडला, ती प्लास्टिकची आडवी न धरता सरळ धरायची बासरी. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो, तिथं शिकवलेली एक धून बोटांना अजून पाठ आहे, नाव मात्र काही केल्या आठवत नाही. लेकीला शिकवायची आहे. डाव्या हाताची किती बोटं भोकांवर, ते लिहिते:
३ ३ ३ २ १ २ ३ १ २ २ ३
अंगठा मागच्या भोकावर कायम असतो, तो मोजलेला नाही.

समीर २०१: मुलाच्या कीबोर्डवर वाजवून पाहिलं. मधलं ३ २ १ २ ३ ऐकून 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' वाटतंय. पण सुरुवात आणि शेवट काही जुळत नाही.

मृणाल ६०३: नाही समीरदादा, ती नाही. मेरी आम्हाला वेगळी शिकवली होती. ही संथ होती.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

नलिनीकाकू १०४: समीर, तू ते आकडे कीबोर्डचे समजून वाजवलेस. कीबोर्डवर उजव्या हाताचा अंगठा १, तर्जनी २, मधलं बोट ३, त्यामुळे आकडा वाढला की सूर चढतो. मृणालने लिहिलीत ती झाकलेली भोकं. बासरीत जितकी जास्त भोकं झाकाल तितका सूर उतरतो. म्हणजे तिचा १ सगळ्यात वरचा आणि ३ सगळ्यात खालचा. तुझ्याकडे चढाचा उतार झाला आणि उताराचा चढ. ती धून पालथी वाजली, म्हणून ओळखू येईना.
आता तिच्या ३ ला सा धर, २ ला रे, १ ला ग:
सा सा सा रे ग रे सा ग रे रे सा
कीबोर्डवर सी वर अंगठा ठेवून १ १ १ २ ३ २ १ ३ २ २ १ वाजव.
मृणाल, एक सांग. यातले कुठले सूर लांबवायचे होते?

मृणाल ६०३: पाचवा आणि सहावा लांब. मग चार सूर पुन्हा पहिल्यासारखे, आणि शेवटचा सगळ्यात लांब. त्यावर बाई चार मोजायच्या.

नलिनीकाकू १०४: मग शंकाच नाही. 'ओ क्लेर द ला ल्यून', फ्रेंच लोकगीत आहे. चंद्राच्या उजेडात, असा अर्थ.
लांबी मी मुद्दाम विचारली. रेकॉर्डरची सुरुवात बहुतेक बी, ए, जी या तीन सुरांनीच करून देतात, तेच तुझे १, २, ३. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या सगळ्या धुना याच तीन बोटांत फिरतात आणि आठवणीत एकमेकींत मिसळतात. तुझ्या पद्धतीने लिहिलं तर मेरी होते १ २ ३ २ १ १ १, वरून सुरू होऊन खाली येते आणि सातव्या सुरावर थांबते. 'हॉट क्रॉस बन्स' १ २ ३, तीही वरूनच उतरते. तुझी मात्र खालच्या सुरावर तीनदा ठाम बसते आणि मग चढते.

समीर २०१: वाजवलं काकू. आता बरोबर गाणं वाटतंय!

मृणाल ६०३: काकू, हीच!! पण मधे काहीतरी वेगळं होतं असं पुसट आठवतं, तिथली बोटं मात्र आठवत नाहीत.

नलिनीकाकू १०४: बरोबर आठवतंय. गाण्याच्या चार ओळी असतात. पहिली, दुसरी आणि चौथी अगदी सारख्या, तिसरी निराळी: रे रे रे रे, मग मंद्रातले ध ध, पुढे रे सा आणि उतरत मंद्र नि ध प. ते सूर जीच्या खाली जातात, त्यांना उजवा हात लागतो. नवशिक्यांना तो हात अजून दिलेला नसतो, म्हणून बहुधा तुम्हाला ती ओळ बाईंनीच वाजवून दाखवली असेल.

अजितकाका ४०२: या गाण्याला फार मोठा मान आहे. १८६० साली पॅरिसमध्ये स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेषा उमटवल्या, त्यात हेच गाणं होतं. एडिसनच्या फोनोग्राफच्या १७ वर्षं आधी! ते यंत्र आवाज नुसता लिहायचं, ऐकवायचं नाही. २००८ मध्ये संगणकाने त्या रेषांमधून आवाज काढला, तेव्हा मुलीचा गळा वाटला. नंतर कळलं की दुप्पट वेगाने वाजवला होता. वेग निम्मा केल्यावर पुरुषाचा आवाज निघाला, संथ गाणारा.

मृणाल ६०३: काका, अंगावर काटा आला. लेकीला आत्ता ऐकवते. पण ती वाजवायला बसली की पहिल्याच ३ वर चिरकतंय.

नलिनीकाकू १०४: अनामिकेचं भोक अर्धवट उघडं राहतंय. बोटाचं टोक नको, पेराची गादी ठेवायला सांग. बोट उचलून बघ, भोकाचा पूर्ण गोल वळ उमटलेला दिसला पाहिजे. आणि फुंकर अगदी हलकी, काच वाफाळवतो तेवढीच.

मृणाल ६०३: वळ अर्धाच आहे! थांबा, परत करून बघते.