अनुभव धागा: उशीच्या अभ्र्यांवरचे आणि पलंगामागच्या भिंतीवरचे तेलाचे पिवळे डाग

मंजिरी
आमच्याकडे सासूबाई रोज रात्री डोक्याला तेल लावतात. हिवाळ्यात खोबरेल, एरवी तिळाच्या तेलात घरीच उकळलेलं माका-ब्राह्मीचं. तेल लावणं बंद करा असं सांगायचं नाहीये, त्यांना त्यानेच झोप लागते. पण पांढरे सुती अभ्रे मधोमध पिवळे पडलेत आणि धुऊन वाळल्यावरही नाकाशी धरले की खवट वास येतो. शिवाय त्या भिंतीला टेकून पोथी वाचतात, त्यामुळे हेडबोर्डच्या वर ताटाएवढा पिवळट तेलकट गोल उमटलाय. कोणी असे डाग काढले असतील तर कापड कुठलं, भिंतीला रंग कुठला, हे सगळं सविस्तर लिहा.

सातारकरीण
अभ्र्यांना लिंबू चोळून कडक उन्हात टाका. माझ्या आईची पद्धत. दोन-तीन उन्हं दिली की पांढरे होतात.

मंजिरी
ताई, तसं करून झालं. पिवळेपणा उतरला, पण महिन्याभरात त्याच जागी परत आला.

हातमाग
इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये माझी नोकरी झाली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

डागात दोन गोष्टी असतात. एक धाग्यात मुरलेलं तेल आणि दुसरी त्या तेलाला हवा लागून आलेला पिवळेपणा. उन्हाने आणि लिंबाने रंग फिका होतो, तेल आत तसंच राहतं. ते पुन्हा पिवळं पडतं. ब्लीचिंगच्या पाण्याचंही तेच, उलट वारंवार वापरलं तर सूत कमजोर होतं. म्हणून आधी तेल, मग रंग. तीळ, मोहरी, बदाम ही तेलं खोबरेलपेक्षा लवकर पिवळी आणि चिकट होतात, तेव्हा तुमचे हट्टी डाग बहुधा माका-ब्राह्मीच्या तेलाचे असणार.

अभ्रा भिजवायचा नाही. कोरड्या कापडावरच भांडी घासायचं लिक्विड थेट डागावर ओतून बोटांनी चोळायचं, उलट्या बाजूनेही. आधी पाणी लागलं तर साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत नीट पोचत नाही. वीसेक मिनिटं ठेवायचं. मग बादलीत अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं पाणी घ्यायचं, म्हणजे साधारण ६० अंश होतं. आठ-दहा लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर. खाण्याचा सोडा नको, तो इथे फार सौम्य पडतो. खवट झालेल्या तेलाचा काही भाग धुण्याच्या सोड्याशी मिळून चक्क साबण होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. हातमोजे घाला, कातडी सोलते. तासाभराने पाणी गढूळ, पिवळसर दिसलं तर काम होतंय असं समजा. पिळून पुन्हा एकदा तसंच.

तेल गेलं की मग ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर. दोन चमचे, तितक्याच गरम पाण्यात, चार-सहा तास. ते पाणी उरवून झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका, वायू सुटून बाटली फुगते.

तेल गेलं की नाही ते असं पाहायचं: वाळलेल्या अभ्र्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला तर गेलं. मण्यासारखा वर बसला तर आहे. तोवर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने उरलेलं तेल आणखी घट्ट बसतं.

निळीशाई
हे रेशमी अभ्र्याला चालेल का? केस तुटू नयेत म्हणून मी रेशमी वापरते.

हातमाग
नाही. सोडा आणि गरम पाणी रेशीम खराब करतात. सौम्य लिक्विड आणि कोमट पाणी, बस्स. जुना डाग पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही.

गच्ची
मंजिरी, भिंतीचं मला वाटतं ओल आहे. आमच्याकडे असाच पिवळा डाग होता, मागे बाथरूमचा पाइप गळत होता. आधी प्लंबर बोलवा.

रंगकामवाला
दादा, ओल असेल तर रंगाचे पोपडे सुटतात, पांढरी खारट भुकटी येते आणि पावसाळ्यात डाग पसरतो. यांचा डाग बरोबर डोक्याच्या उंचीला आहे आणि हाताला तेलकट लागतो. हे तेलच आहे.

मी घरं रंगवायचं काम करतो. आधी भिंतीला काय लावलंय ते बघा. पलंगामागे खाली, दिसणार नाही अशा जागी ओला कापूस घासा. कापसावर रंग उतरला तर डिस्टेंपर. त्याला साबण-पाणी लावलं की डागाबरोबर रंगही येतो आणि जागा आणखी वाईट दिसते. रंग उतरला नाही तर प्लॅस्टिक इमल्शन. त्यावर तेल ताजं असेल तर कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून स्पंज घट्ट पिळून पुसा, खालून वर, म्हणजे ओघळ उमटत नाहीत.

तेल पुट्टीपर्यंत मुरलं असेल तर पुसून जात नाही. लोक सरळ वरून रंग मारतात. वाळताना छान दिसतं, थोड्या दिवसांनी गोल पुन्हा वर येतो, कारण पाण्याचा रंग तेलाला अडवत नाही, काही वेळा तिथे नीट धरतही नाही. ती जागा पट्टीने खरवडायची, पुट्टी पिवळी दिसते तिथपर्यंत. साबणाने पुसून पूर्ण वाळू द्यायची. मग ऑइल प्रायमर, एक रात्र ठेवून पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, मग रंग. आणि रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला. नुसतं ठिगळ लावलं तर जुन्या रंगात वेगळं दिसतंच.

पाऊलवाट
खरवडायच्या आधी मी मुलतानी मातीचा लेप दिला होता. टर्पेंटाइनमध्ये घट्ट कालवून बोटभर जाड थापला, वर प्लॅस्टिक चिकटवून रात्रभर ठेवलं, सकाळी प्लॅस्टिक काढून पूर्ण वाळू दिलं. माती वाळताना तेल ओढते. डाग बराच फिका झाला, पण भिंतीवर तिरपा उजेड पडला की कडा दिसते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ मच्छर अगरबत्तीही नको.

रंगकामवाला
नव्या डागाला उपयोग होत असेल. वर्षानुवर्षांच्या तेलाला लेपाचा मला तरी अनुभव नाही.

चांदणी
माझ्याकडे मेंदीचे डाग आहेत उशीवर. हेच करू का?

हातमाग
मेंदी रंग देते, तेल नाही. सोड्याच्या पायरीने फारसं होणार नाही. पांढऱ्या सुती कापडावर ऑक्सिजन ब्लीच करून बघा, फिकं होईल.

मंजिरी
काल अभ्रे केले. पहिल्या सोड्याच्या पाण्यावर पिवळसर तवंग आला. थेंब टाकून पाहिला तेव्हा कडेला शोषला, मधोमध मात्र वर बसला, म्हणून मधल्या भागाला पुन्हा कोरडं लिक्विड चोळलं. आता थेंब सगळीकडे शोषतोय, वासही गेला. मधला जरासा पिवळेपणा आहे, ब्लीचमध्ये टाकलेत.

भिंतीचा कापूस रंगीत झाला, म्हणजे डिस्टेंपर. सध्या तिथे हेडबोर्डपासून वर दीड हात उंचीचा जाड सुती पडदा लावतेय, तो दर आठवड्याला धुता येईल. पण आत मुरलेलं तेल पडद्यात उतरत राहील का? रंगकामवाले दादा, दिवाळीपर्यंत थांबलं तर पुट्टी आणखी खराब होईल का?

रंगकामवाला
पुट्टी त्याने सुटत नाही, पण नवीन तेल लागत राहिलं तर गोल मोठा होतो, म्हणजे खरवड वाढते. पडद्याच्या आत, भिंतीच्या बाजूला प्लॅस्टिकचं अस्तर शिवा. पावसाळ्यात मात्र अधूनमधून उचलून हवा लागू द्या, नाहीतर मागे बुरशी येईल.